लेन कोणत्या मीटरवर तुटते: नागपुरातील एका चौकाचे प्रकरण

## पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपुरातील एका गजबजलेल्या, चार रस्त्यांच्या सिग्नल असलेल्या चौकाचे आहे. तेथील ऑटोचालक, दुकानदार आणि काम पाहणारे अभियंते यांची ओळख उघड होऊ नये म्हणून चौकाचे नाव दिलेले नाही. चारही बाजूंचे काम आमच्याकडे होते, परंतु येथे बाजाराकडून येणाऱ्या एकाच बाजूविषयी लिहिले आहे, कारण जे शिकायला मिळाले ते बहुतेक याच बाजूवर मिळाले.

या बाजूला दुभाजकात मेट्रोचे खांब आहेत आणि वरून मेट्रोचा पूल जातो. रस्ता सिमेंटचा आहे. दुभाजकापासून डावीकडे साडेतीन-साडेतीन मीटरचे तीन पट्टे ओतलेले आहेत, आणि त्यांच्या डाव्या कडेला, पदपथापर्यंत, सिमेंटच्या ठोकळ्यांची सुमारे ६० सेंटिमीटरची पट्टी आहे. डावी व मधली लेन सरळ जाण्यासाठी आणि उजवी लेन उजवीकडे वळण्यासाठी ठेवलेली होती. डावीकडे वळणाऱ्यांना सिग्नलवर थांबावे लागत नसे. प्रत्येक बाजूला स्वतंत्र हिरवा दिवा मिळत असे आणि या बाजूचा हिरवा दिवा ४५ सेकंदांचा होता. वाहनांमध्ये दुचाकी सर्वांत जास्त, त्याखालोखाल शेअरिंगचे ऑटो, ई-रिक्षा आणि मोटारी, आणि अधूनमधून शहर बस, असे चित्र होते.

रस्त्यावर लेनच्या पांढऱ्या रेषा होत्या, लेननिहाय बाणही होते. तरीही दिवा हिरवा झाला की तीन लेनचे पाच-सहा विस्कळीत प्रवाह होत, उजवीकडे वळणारी वाहने मधल्या लेनमधून निघत, आणि डावीकडे वळणारी वाहने सरळ जाणाऱ्यांच्या मागे अडकून हॉर्न वाजवत राहत.

## अडचण

आमच्या हाती आलेल्या आधीच्या पाहणी अहवालात या बाजूविषयी एकच वाक्य होते: ‘वाहनचालक लेनची शिस्त पाळत नाहीत.’ त्यावरचा उपाय म्हणून दंडात्मक कारवाई आणि जनजागृती सुचवलेली होती, आणि दोन्ही गोष्टी काही दिवस करूनही झाल्या होत्या. पोलीस उभे असेपर्यंत रांगा बऱ्या राहत आणि ते गेले की पुन्हा पहिल्यासारखे होई.

या वाक्यात चालकाचे वर्णन आहे, प्रवाहाचे नाही. कोणते वाहन, कोणत्या लेनमधून, थांबरेषेच्या किती मीटर अलीकडे, कशामुळे बाजूला सरकले, हे त्यातून कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय रस्त्यावर नेमके काय बदलायचे हे ठरवता येत नाही. म्हणून आमचा पहिला निर्णय असा होता, की उपायांची चर्चा बाजूला ठेवून आधी प्रवाहाचे वर्णन नव्याने लिहायचे.

## प्रवाहाचे वर्णन

पहाटे रस्ता मोकळा असताना थांबरेषेपासून मागे प्रत्येक दहा मीटरवर पदपथाच्या कडेला रंगाने खूण केली आणि शेजारच्या इमारतीच्या छतावरून चित्रण केले. नंतर पडद्यावर प्रत्येक वाहन १०० मीटरपासून थांबरेषेपर्यंतच्या प्रत्येक खुणेवर कोणत्या लेनमध्ये आहे एवढेच कागदावर लिहिले. हे काम कंटाळवाणे असते, पण त्याला पर्याय नाही. खाली उभे राहून पाहिले तर डोळा सर्वांत मोठा हॉर्न वाजवणाऱ्याकडेच जातो.

कागदावर जे दिसले त्याने आमचा अंदाज चुकवला. १०० मीटरवर वाहने बऱ्यापैकी रांगेत होती. लेन मोडण्याच्या बहुतेक नोंदी ४० ते १० मीटरच्या पट्ट्यात होत्या, आणि त्या डावीकडून सुरू होत होत्या.

चौकाच्या कोपऱ्यावर, थांबरेषेच्या साधारण १५ मीटर अलीकडे, शेअरिंगचे ऑटो सवारी घेण्यासाठी थांबत. सवाऱ्या पदपथावरून उतरून ठोकळ्यांच्या पट्टीवर उभ्या राहत, म्हणून ऑटोला कडेपासून अर्धा मीटर सोडून थांबावे लागे. ऑटोची रुंदी साधारण १.३ मीटर असते. त्यातच चालक समोरचे चाक डावीकडे आणि मागचा भाग रस्त्याकडे ठेवून तिरपा उभा करत असे. असा तिरपा ऑटो कडेपासून सुमारे २.२ मीटर जागा अडवतो. सिमेंटच्या पहिल्या सांध्यापर्यंतची रुंदी ४.१ मीटर, म्हणजे उरले १.९ मीटर. सुमारे १.७ मीटर रुंदीच्या मोटारीला दोन्ही बाजूंना मिळून २० सेंटिमीटर उरत असल्याने ती उजवीकडे सरकते, मधल्या लेनमधली मोटार तिला जागा देत आणखी उजवीकडे जाते, आणि उजव्या लेनमध्ये वळायला आलेल्या वाहनाला मधल्या लेनचे शेपूट अडवते. दोन रांगांमध्ये पडलेल्या वाकड्या फटीत दुचाकी शिरतात. वरून पाहणाऱ्याला दुचाकीस्वार बेशिस्त दिसतो, पण साखळीची पहिली कडी डाव्या कोपऱ्यावर असते.

दुसरी गोष्ट छतावरून दिसली नाही. ती आमच्यातील एका कनिष्ठ सहकाऱ्याला रस्ता ओलांडताना दिसली. सिमेंट रस्त्याच्या दोन पट्ट्यांमधील सांधा काळ्या डांबरी लुकणाने भरलेला असतो. रेषा मारणाऱ्याने मात्र ठोकळ्यांची पट्टी धरून संपूर्ण ११.१ मीटर मोजले होते आणि त्याचे तीन समान भाग केले होते. त्यामुळे पांढऱ्या रेषा कडेपासून ३.७ आणि ७.४ मीटरवर होत्या, तर सांधे ४.१ आणि ७.६ मीटरवर. दुपारच्या उन्हात फिक्या सिमेंटवर पांढरी रेषा जवळजवळ नाहीशी होते आणि काळा सांधा ठळक दिसतो. सकाळी नऊ वाजता आणि दुपारी दीड वाजता एकाच ठिकाणी उभे राहून हे पडताळून पाहिले. सकाळी वाहने रेषेकडे पाहून चालत होती, दुपारी सांध्याकडे पाहून. आणि ज्यांना दोन्ही दिसत होते ते दोहोंच्या मधून.

तिसरे निरीक्षण उन्हाचे आहे. मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे मेट्रोच्या पुलाची सावली दुभाजकाला लागून असलेल्या उजव्या लेनवरच पडते. सरळ जाणारे दुचाकीस्वार लाल दिव्यावर त्या सावलीत, म्हणजे उजवीकडे वळणाऱ्यांच्या लेनमध्ये, गोळा होत. हिरवा दिवा लागला की ते सरळ निघत आणि मधल्या लेनमध्ये ढकललेली उजवीकडे वळणारी वाहने त्यांना आडवी जात. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात हेल्मेट घालून उभ्या असलेल्या माणसाने सावली सोडून डावीकडे थांबावे, ही अपेक्षा कागदावरच बरी वाटते.

अहवालातील एका वाक्याच्या जागी आता तीन वाक्ये आली: डावी लेन १५ मीटरवर ऑटोमुळे अरुंद होते, रेषा आणि सांधे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि उन्हाळ्यात उजव्या लेनची सावली सरळ जाणाऱ्या दुचाकींना ओढून घेते. तिन्ही वाक्यांत ठिकाण आहे आणि कारण आहे.

## विचारात घेतलेले पर्याय

पहिला प्रस्ताव दुचाकींसाठी डाव्या कडेला स्वतंत्र अरुंद लेन देण्याचा होता. तीन लेन प्रत्येकी तीन मीटरच्या केल्या असत्या तर दीड मीटर सुटलेही असते. हा पर्याय आम्ही नाकारला, कारण ती कडेची पट्टी दुसऱ्याच दिवशी ऑटोंच्या थांब्याची जागा झाली असती. डाव्या कडेची अडचण सुटल्याशिवाय त्या कडेला काहीही देणे व्यर्थ होते.

दुसरा प्रस्ताव लेनच्या रेषेवर प्लास्टिकचे खुंट बसवण्याचा होता. खुंटांनी लेन मोडणे थांबते खरे, पण डाव्या लेनमध्ये ऑटो उभा असेल तर मागची वाहने तेथेच कोंडतात, बसलाही बाहेर पडता येत नाही. कारण कायम ठेवून परिणाम रोखण्याचा हा प्रयत्न झाला असता.

खरी चर्चा झाली ती ऑटोंना किती मागे न्यायचे यावर. वाहतूक शाखेचे म्हणणे होते की थांबरेषेपासून १०० मीटरपर्यंत ऑटो थांबूच नयेत. ऑटोचालकांशी बोललो तेव्हा त्यातील एका ज्येष्ठ चालकाने सांगितले, “आम्ही नाही थांबत भाऊ, सवारी थांबवते. सवारी कोपऱ्यावर उभी आहे, तर मी मागे ऑटो लावून काय करू?” हे त्याचे निमित्त नव्हते, वस्तुस्थिती होती. तिन्ही बाजूंनी चालत येणारी माणसे कोपऱ्यावरच जमा होतात, आणि उन्हात १०० मीटर मागे चालत जाणारा प्रवासी क्वचितच मिळेल.

अंतर किती ठेवायचे यासाठी एका जुन्या सूत्राचा आधार घेतला. ब्रिटनमधील वेबस्टर यांनी १९५८ साली मांडलेल्या सिग्नलच्या पद्धतीत, थांबरेषेजवळ उभ्या वाहनामुळे रस्त्याची उपयोगी रुंदी किती मीटरने घटते, हे असे काढतात:

```
1.68 - 0.9 × (z - 7.6) / k
```

येथे z म्हणजे थांबरेषेपासून उभ्या वाहनापर्यंतचे अंतर मीटरमध्ये, आणि k म्हणजे हिरव्या दिव्याचे सेकंद. ४५ सेकंदांच्या हिरव्या दिव्यात, १५ मीटरवर उभ्या ऑटोमुळे १.५३ मीटर रुंदी वाया जाते. तोच ऑटो ६० मीटरवर असेल तर ०.६३ मीटर. भारतीय पद्धतीत हिरव्या दिव्याच्या एका तासात प्रत्येक मीटर रुंदीतून ५२५ मोटारींइतकी वाहतूक निघते असे धरतात. त्या हिशेबाने प्रत्येक हिरव्या दिव्यामागे १५ मीटरवरचा ऑटो सुमारे दहा मोटारींची वाट अडवतो आणि ६० मीटरवरचा सुमारे चार मोटारींची. नुकसान पूर्ण शून्य व्हायला तो ९० मीटरच्या पलीकडे जावा लागतो.

सूत्र ब्रिटिश मोटारींसाठी, एकाच उभ्या वाहनासाठी केलेले आहे. येथे ऑटो पाठोपाठ येतात आणि थोडा वेळच थांबतात, म्हणून आकडे ढोबळ समजावेत. त्यातून मिळालेली दिशा मात्र उपयोगी होती. १५ वरून ६० मीटरवर गेल्याने निम्म्याहून जास्त फायदा पदरात पडतो, आणि तेथून ९० पर्यंत जाण्यासाठी जे अंतर लागते ते प्रवासी चालणार नाही. आम्ही ६० मीटर निवडले. आणखी एक बाब येथे नोंदवावीशी वाटते: आपल्याकडचा हा ५२५ चा हिशेब लेनच्या संख्येवर नाही, मीटरच्या रुंदीवर आहे, कारण मिश्र वाहतुकीत वाहने रुंदी भरून चालतात. त्यामुळे रुंदी कोठे अडते हे शोधणे, हेच लेन कोठे तुटते हे शोधणे ठरते.

## केलेली कामे

कोपऱ्यापासून ५० मीटरपर्यंत पदपथाच्या कडेला लोखंडी कठडा बसवला. फक्त झेब्रा क्रॉसिंगसमोर मोकळी जागा ठेवली. कठड्याचा हेतू ऑटो अडवण्याचा नव्हता, सवारीला रस्त्यावर उतरू न देण्याचा होता. ६० मीटरच्या आसपास एका संस्थेच्या आवारभिंतीसमोर पदपथ रुंद होता. तेथे पदपथ दोन मीटर आत घेऊन तीन ऑटो मागोमाग उभे राहतील असा खाचेतील थांबा केला, आणि त्यावर पत्र्याचे छप्पर व बाक दिले.

सर्व रेषा सांध्यांवरून नव्याने मारल्या. ठोकळ्यांची पट्टी लेनच्या मोजणीतून वगळून तिच्या कडेला अखंड रेषा दिली. पांढऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना काळी किनार दिली, म्हणजे उन्हातही ती उठून दिसेल. थांबरेषेच्या मागे ५० मीटरपर्यंत तुटक रेषेऐवजी अखंड रेषा ठेवली आणि लेनचे बाण थेट थांबरेषेजवळ न मारता ८० व ४० मीटरवर दोनदा मारले, कारण रांग लागल्यावर थांबरेषेजवळचा बाण कोणालाच दिसत नाही.

दुचाकींसाठी थांबरेषा पाच मीटर मागे घेऊन पुढे एक चौकट आखली. तैवान आणि इंडोनेशियात अशी चौकट वापरतात. लाल दिव्यावर दोन मोटारींच्या रांगांमध्ये जवळपास पावणेदोन मीटरची फट राहते आणि पाऊण मीटरची दुचाकी तेथून पुढे येणारच. मग पुढे आलेल्या दुचाकीला झेब्रा क्रॉसिंगवर उभे राहण्याऐवजी हक्काची जागा असावी, हा विचार होता. सरळ जाणाऱ्या दोन लेनसमोर सात मीटर रुंदीत, दोन ओळी धरल्या तरी, चौदा दुचाकी सहज मावतात. उन्हाळ्यासाठी त्या चौकटीवर हिरव्या जाळीचे छत दिले.

## काय घडले

पहिले दोन आठवडे निराशेचे गेले. जुन्या रेषा खरवडण्याऐवजी त्यांवर काळा रंग फासण्यात आला होता. संध्याकाळी समोरून येणाऱ्या दिव्यांत तो काळा रंग चकाकून नव्या रेषेपेक्षा ठळक दिसू लागला आणि एकाच लेनला दोन-दोन कडा झाल्या. तक्रार सर्वप्रथम एका बसचालकाने केली. शेवटी यंत्राने जुन्या रेषा घासून काढाव्या लागल्या, आणि हे काम रात्री, वाहतूक वळवून करावे लागले.

ऑटोंच्या बाबतीत कठडा उपयोगी पडला. काही दिवस प्रवासी कठड्याच्या टोकाला, झेब्रा क्रॉसिंगच्या मोकळ्या जागेत उभे राहून हात करत, आणि ऑटो तेथेच, म्हणजे पूर्वीपेक्षाही पुढे थांबत. त्या जागी आठवडाभर एक वाहतूक पोलीस उभा राहिला. पण लोकांना वळण लागले ते छपरामुळे: ऑटो जेथे हमखास मिळतो आणि सावलीत मिळतो, तेथे माणसे आपोआप जाऊ लागली. संध्याकाळच्या गर्दीत मात्र तीन ऑटोंची खाच कमी पडते आणि चौथा ऑटो बाहेर, डाव्या लेनमध्ये थांबतो. ही अडचण आजही आहे.

त्याच छतावरून त्याच खुणांवर पुन्हा नोंदी घेतल्या. ४० ते १० मीटरच्या पट्ट्यातील लेन मोडण्याच्या नोंदी स्पष्टपणे घटल्या होत्या. आता जे सरकणे दिसत होते ते ७० ते ५० मीटरवर, नव्या थांब्यासमोर होते. परंतु तेथे वाहनांना पुन्हा आपल्या लेनमध्ये यायला अंतर मिळते, १५ मीटरवर ते मिळत नव्हते. डावीकडे वळणाऱ्यांची वाट बहुतांशी मोकळी झाली.

दुचाकींच्या चौकटीचा निकाल संमिश्र राहिला. झेब्रा क्रॉसिंग मोकळे राहू लागले, हा फायदा निर्विवाद आहे. मात्र उजवीकडे वळणारे दुचाकीस्वारही सरळवाल्यांच्या चौकटीत पुढे येऊन उभे राहू लागले आणि हिरवा होताच उजव्या लेनसमोरून आडवे जाऊ लागले. नंतर चौकटीची उजवी सीमा अखंड रेषेने बंद केली आणि उजव्या लेनसमोर वळणाचा बाण असलेली वेगळी छोटी चौकट आखली. आडवे जाणे कमी झाले, थांबले नाही. जाळीचा परिणाम मेमध्ये चांगला दिसला: सरळ जाणारे दुचाकीस्वार पुलाची सावली सोडून जाळीखाली येऊ लागले. जूनमधल्या पहिल्या वादळात जाळी एका बाजूने फाटली आणि ती काढून ठेवावी लागली.

## वेगळे काय करता आले असते

रेषांचे काम आणि थांब्याचे काम आम्ही एकाच आठवड्यात केले. त्यामुळे लेन सुधारण्यात कशाचा वाटा किती, हे आज सांगता येत नाही. आधी कठडा व थांबा, तीन-चार आठवड्यांनी नोंदी, आणि मग रेषा, असा क्रम ठेवला असता तर शहरातील इतर सिमेंट रस्त्यांवर फक्त रेषा सांध्यांवर आणून किती फरक पडेल हे कळले असते. माझ्या मते हे या कामातील सर्वांत मोठे नुकसान आहे, कारण रेषा तशाही दर काही वर्षांनी माराव्याच लागतात आणि त्या योग्य जागी मारायला वेगळा खर्च येत नाही.

थांब्यासाठी पदपथाची दोन मीटर रुंदी घेतली गेली, हे मनाला अजून खटकते. सकाळी त्या भिंतीलगत फिरायला येणाऱ्या वृद्धांना आता बाकाला वळसा घालून जावे लागते. खाच दीड मीटरची केली असती आणि बाक भिंतीला चिकटवून दिले असते, तरी १.३ मीटरचा ऑटो सरळ उभा राहिल्यास त्यात मावला असता. तो सरळ उभा राहावा म्हणून खाचेची मागची कड लांब आणि उताराची ठेवावी लागली असती. आम्ही ती आखूड ठेवली, म्हणून चालक आत वळताना ऑटो तिरपाच लावतात आणि दोन मीटरसुद्धा पुरत नाहीत.

चौथ्या ऑटोसाठी चौकाच्या पलीकडे, बाहेर जाणाऱ्या बाजूला दुसरा थांबा देता येईल का, याची मोजणी सध्या सुरू आहे. तेथे थांबलेला ऑटो कोपऱ्याच्या फार जवळ असेल तर हिरव्या दिव्यात सुटलेली रांग चौकातच अडकेल, म्हणून या वेळी खुणा थांबरेषेच्या मागे न करता चौकाच्या पुढे, पहिल्या ८० मीटरपर्यंत केल्या आहेत.